लंबवर्तुळाचं क्षेत्रफळ कडेने फिरून काढलं, तर 15π ऐवजी 17π का येतंय?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. दोन दिवस एकाच उदाहरणावर अडकले आहे. बंद वक्राच्या कडेने एक फेरी मारून आतलं क्षेत्रफळ काढायचं, हा लाइन इंटिग्रलचा भाग सध्या करते आहे. सूत्र असं आहे:

A = ½ ∮ (x dy − y dx)

लंबवर्तुळ घेतलं, a = 5, b = 3. म्हणजे x = 5 cos t, y = 3 sin t, आणि t शून्यापासून 2π पर्यंत. किंमती घातल्या की कंसातलं सगळं 15 (cos²t + sin²t) dt होतं, म्हणजे नुसतं 15 dt. उत्तर 15π, साधारण ४७.१२. इथपर्यंत सगळं ठीक.

मग वाटलं, दुसऱ्या वाटेने पडताळून पाहावं. ध्रुवीय निर्देशकांत क्षेत्रफळ ½ ∮ r² dθ असतं. तेही कडेने फिरणंच आहे. r² म्हणजे x² + y², म्हणून 25 cos²t + 9 sin²t घेतलं आणि शून्यापासून 2π पर्यंत संकलन केलं. उत्तर आलं ½ (25π + 9π) = 17π, म्हणजे ५३.४१.

आकडेमोड चार वेळा तपासली, त्यात चूक नाही. शिवाय हीच रीत 5 त्रिज्येच्या वर्तुळाला लावली तर बरोबर 25π येतात. मग लंबवर्तुळालाच काय होतंय?

कंपास

½ r² dθ हे सूत्र वर्तुळासाठी आहे. वर्तुळाच्या पाकळीचं क्षेत्रफळ ½ r² θ असतं, त्यावरूनच ते आलंय. लंबवर्तुळात r सतत बदलतो, त्यामुळे ते तिथे लागू होत नाही. पहिली रीत धरा, दुसरी सोडून द्या.

दूरचा_प्रवासी

माझ्या माहितीप्रमाणे लंबवर्तुळाच्या कडेवरच्या संकलनाला नेमकं उत्तरच नसतं. त्यासाठी एलिप्टिक इंटिग्रल लागतात आणि ती नेहमीच्या फलनांत लिहिता येत नाहीत. तेव्हा दोन्ही उत्तरं अंदाजेच असणार, मग त्यांत फरक पडला तर नवल नाही.

निळी_शाई

@दूरचा_प्रवासी, तुम्ही परिघाच्या लांबीबद्दल म्हणताय का? तिथे √(dx² + dy²) येतं आणि तो वर्गमूळ काही केल्या सुटत नाही, हे खरं. मला लांबी नकोय, आतलं क्षेत्रफळ हवंय. तिथे वर्गमूळ नाहीच, 15 dt उरतं.

@कंपास, पण r बदलत असला तरी ½ ∫ r² dθ चालतं ना? कार्डिऑइडचं क्षेत्रफळ आम्ही तसंच काढलं होतं.

दूरचा_प्रवासी

हो, मी लांबीचंच समजून बसलो होतो. कडेने फिरायचं म्हटलं की आधी लांबीच डोळ्यासमोर येते. पण मग हे अधिकच विलक्षण वाटतं. त्याच कडेने फिरताना लांबी साध्या सूत्रात बसत नाही, आणि तिने वेढलेली जागा मात्र एका ओळीत मिळते.

जुने_मास्तर

निळी_शाई, सूत्र बरोबर आहे आणि आकडेमोडही बरोबर आहे. चूक एकाच अक्षरात आहे: dθ च्या जागी तुम्ही dt लिहिलंत.

x = 5 cos t, y = 3 sin t यातला t हा केंद्रातून त्या बिंदूकडे पाहताना होणारा कोन नाही. t = 45° घालून पाहा. बिंदू येतो (३.५४, २.१२). केंद्रापासून त्याच्याकडे रेघ ओढा आणि x-अक्षाशी कोन मोजा. tan θ = २.१२/३.५४ = ०.६, म्हणजे कोन सुमारे ३१°. पंचेचाळीस नाहीच. मग t कुठला कोन? लंबवर्तुळाबाहेर 5 त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्या वर्तुळावर ४५° वर एक बिंदू घ्या आणि तो सरळ खाली, उंची तीन-पंचमांश होईपर्यंत दाबा. तो जिथे येतो तो आपला बिंदू. म्हणजे t हा दाबण्याआधीच्या वर्तुळावरचा कोन आहे.

आता tan θ = (b/a) tan t या नात्याचं विकलन करा. थोडं आवरलं की असं मिळतं:

dθ = ab dt / (a² cos²t + b² sin²t)

छेदात आहे ते नेमकं r² आहे. म्हणजे r² dθ = ab dt. तुमच्या दोन्ही रीती शेवटच्या बेरजेत नाही, तर प्रत्येक तुकड्यावर एकच आहेत. पहिल्या रीतीत जे 15 dt मिळालं, तेच दुसरीतही मिळायला हवं होतं.

17 कुठून आले तेही पाहून ठेवा. लांब टोकाशी r² = 25, पण तिथे खरा कोन dt च्या फक्त ०.६ पट सरकतो, आणि 25 × 0.6 = 15. आखूड टोकाशी r² = 9, पण तिथे कोन 5/3 पट वेगाने सरकतो, आणि 9 × 5/3 = 15. तुम्ही दोन्हीकडे कोन सारखाच सरकतो असं धरलंत. त्यामुळे लांब टोकाशी 15 ऐवजी 25 मोजले गेले आणि आखूड टोकाशी 15 ऐवजी 9. त्यांची सरासरी 17.

निळी_शाई

मास्तर, 25 × 0.6 आणि 9 × 5/3 दोन्ही 15 येतात हे वाचून मी वही पुन्हा उघडली. मधला एक बिंदूही करून पाहिला. t = 45° ला r² = 17, आणि dθ = 15/17 dt. पुन्हा 15.

आता वर्तुळात चूक का दिसली नाही तेही कळलं. तिथे t आणि θ एकच असतात, त्यामुळे माझी पडताळणी काही पडताळतच नव्हती.

जुने_मास्तर

बरोबर. म्हणून पडताळणीला वर्तुळ घेऊ नये. त्यापेक्षा b जवळजवळ शून्य करून पाहा. लंबवर्तुळ चपटं होत रेघेसारखं होतं, तेव्हा क्षेत्रफळही शून्याकडे जायला हवं. तुमचं सूत्र होतं π(a² + b²)/2. त्यात b = 0 घातला तरी πa²/2 शिल्लक राहतं. रेघेला एवढं क्षेत्रफळ कुठलं? दुसरी कसोटी: आकृती फक्त आडवी दुप्पट ताणली तर क्षेत्रफळ दुप्पट व्हायला हवं. πab त्यात उतरतं, बेरजेचं सूत्र उतरत नाही.

@कंपास, पाकळीचं सूत्र वर्तुळापुरतं नाही. dθ इतकी बारीक पाकळी घेतली की तेवढ्या पट्ट्यात r बदलला तरी फरक पडत नाही. फक्त θ हा खरा कोन हवा.

कंपास

मान्य. मी r बदलण्याला दोष दिला, पण दोष कोनात होता.

निळी_शाई

आणखी एक शंका. पुस्तकात तीन सूत्रं एकाखाली एक दिली आहेत:

A = ∮ x dy = −∮ y dx = ½ ∮ (x dy − y dx)

ग्रीनच्या प्रमेयातून तिन्ही निघतात हे करून झालंय. पण समजलंय असं वाटत नाही. आतल्या जागेला हातही न लावता नुसत्या कडेवरून चालताना ती मोजली कशी जाते?

रेघोटी

मला हे चित्रातून कळलं, तसंच सांगते. आरंभबिंदूशी एक खुंटी ठोकली आहे. तिला बांधलेल्या ताणलेल्या रबराचं दुसरं टोक हातात धरून तुम्ही कडेने चालताय. एक छोटं पाऊल टाकलंत की खुंटी, आधीची जागा आणि नवी जागा यांचा एक चिंचोळा त्रिकोण होतो. त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजेच ½ (x dy − y dx). सगळे त्रिकोण जोडले की आतली जागा मिळते. म्हणजे आत हात लावलाच नाही असं नाही, रबर पूर्ण वेळ आतूनच फिरत असतं.

खुंटी आकृतीबाहेर असली तरी चालतं, आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. पलीकडच्या कडेवरून जाताना रबर पुढे फिरतं, त्यामुळे त्रिकोण धन धरले जातात. त्यांत खुंटी आणि आकृती यांच्यामधली रिकामी जागाही येते. मग अलीकडच्या कडेवरून परत येताना रबर उलट फिरतं आणि नेमकी तीच रिकामी जागा वजा होते. उरते फक्त आतली.

जुने_मास्तर

चित्र सुरेख आहे. पण शिकवताना मी ½ वाल्या सूत्रापासून सुरुवात करत नाही. −∮ y dx पासून करतो, कारण वक्राखालचं क्षेत्रफळ मुलांना आधीच येत असतं. वरच्या कडेवरून उजवीकडून डावीकडे जाताना dx ऋण, म्हणून −y dx धन, म्हणजे वरच्या कडेखालची सगळी जागा मिळवली. खालच्या कडेवरून डावीकडून उजवीकडे जाताना तिच्याखालची जागा वजा झाली. उरला दोन्हींच्या मधला भाग. नवीन काही शिकावंच लागत नाही.

रेघोटी

नवीन शिकावं लागत नाही हे खरं, पण त्यात एक तोटा आहे. मुलं वरची कड आणि खालची कड असे दोन तुकडे पाडायला लागतात, y = ±3√(1 − x²/25) लिहितात आणि पुन्हा वर्गमूळात अडकतात. कडेने सलग फिरण्याचा सगळा फायदा तिथेच जातो. त्रिकोणाच्या चित्रात तुकडे पाडायचं मनातही येत नाही.

जुने_मास्तर

माझ्या वर्गात ते होतं खरं. तरी क्रम बदलावा असं मला अजून वाटत नाही. त्रिकोणाचं सूत्र आधी दिलं की ½ कुठून आला हे पाठ केलं जातं.

बिंदूमाळ

मला गणितापेक्षा प्रोग्रामची अडचण आहे, पण ती इथलीच आहे असं वाटतं. चित्रातल्या एका डागाची कड बिंदूंच्या यादीत मिळते, आणि तिच्यावरून मी क्षेत्रफळ काढतो. तोच डाग चित्रात दुसऱ्या जागी असला की आकडा बदलतो, कधी ऋणही होतो. डाग तोच, बिंदू तितकेच. कोड असा:

```python
s = 0.0
for i in range(n - 1):
    s += x[i]*y[i+1] - x[i+1]*y[i]
area = s / 2
```

जुने_मास्तर

तुमची फेरी पूर्ण होत नाही. शेवटच्या बिंदूवरून पहिल्या बिंदूवर परत येणारी बाजू बेरजेत नाही.

जागा बदलली की आकडा बदलतो, याचा अर्थच तो. आकृती (h, k) इतकी सरकवली तर सूत्रात ½ (h ∮ dy − k ∮ dx) एवढी भर पडते. बंद वक्रावर ही दोन्ही संकलनं शून्य असतात, कारण निघालात तिथेच परत आलात. वक्र उघडा राहिला तर ती शून्य होत नाहीत आणि h, k उत्तरात शिरतात.

निळी_शाई यांचंच लंबवर्तुळ घ्या. t दर ३०° ने वाढवत बारा बिंदू घ्या. केंद्र आरंभबिंदूशी असताना प्रत्येक त्रिकोण ½ × 15 × sin 30° = ३.७५. बारा त्रिकोणांचे ४५ व्हायला हवेत, तुमचा कोड अकराच धरतो आणि ४१.२५ सांगतो. हे उत्तर थोडं कमी वाटतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. आता सगळं उजवीकडे १०० ने सरकवा. गळालेली बाजू (१०४.३३, −१.५) पासून (१०५, ०) पर्यंतची. तिचा वाटा ½ × १०५ × १.५ = ७८.७५. पूर्ण फेरीचं उत्तर अजूनही ४५ च आहे, पण तुमचा कोड ४५ − ७८.७५ = −३३.७५ देईल.

दुरुस्ती एवढीच:

```python
s = 0.0
for i in range(n):
    j = (i + 1) % n
    s += x[i]*y[j] - x[j]*y[i]
area = s / 2
```

बिंदूमाळ

करून पाहिलं. आता डाग कुठेही असला तरी आकडा तोच येतो. पण सगळे आकडे ऋण येताहेत. बिंदू तर घड्याळाच्या उलट दिशेने घेतलेत.

रेघोटी

तुमच्या चित्रात y खालच्या दिशेने वाढतो का? पडद्यावर बहुधा तसंच असतं. मग डोळ्यांना उलट दिशा दिसते ती सूत्राच्या हिशेबाने घड्याळाची दिशा ठरते. एकच अखंड कड असेल तर चिन्ह काढून टाका. डागाच्या आत भोकं असतील तर मात्र चिन्ह जपा. बाहेरची कड एका दिशेने आणि भोकाची उलट दिशेने घेतली, की भोकाचं क्षेत्रफळ आपसूक वजा होतं.

दूरचा_प्रवासी

बारा बिंदूंचे ४५ आणि खरे ४७.१२. एवढा फरक?

जुने_मास्तर

सरळ रेघांनी जोडलेले बिंदू आहेत, आणि बहिर्वक्र आकृतीच्या कडेवर बिंदू घेतले की बहुभुज आतच राहतो. म्हणून उत्तर नेहमी कमीच येणार. n बिंदूंना (n/2) × 15 × sin(360°/n) इतकं येतं. छत्तीस बिंदूंना ४६.८९, शंभरांना ४७.०९. बिंदू दुप्पट केले की तूट साधारण चौथाई होते. पडद्यावरच्या डागांसाठी शंभर बिंदू पुरेसे आहेत.

कंपास

माझे वडील आराखड्यांच्या कामात होते. त्यांच्याकडे एक उपकरण होतं, प्लॅनिमीटर. दोन दांड्या, एक खिळलेलं टोक आणि एक छोटं चाक. नकाशावरची आकृती टोकाने गिरवत एक फेरी मारायची आणि चाकावरचा आकडा वाचायचा, की क्षेत्रफळ. मला ते लहानपणी अजब वाटायचं. हे तेच गणित ना?

जुने_मास्तर

तेच. ते ध्रुवीय प्लॅनिमीटर याकोब आम्सलर या स्विस गणितज्ञाने १८५४ मध्ये बनवलं. चाक दांडीशी आडव्या दिशेने सरकताना फिरतं आणि दांडीच्या दिशेने सरकताना नुसतं घसरतं. त्यामुळे प्रत्येक बारीक पावलाचा फक्त एक भाग चाकावर नोंदला जातो. फेरी पूर्ण झाली की त्या नोंदींची बेरीज क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. गिरवणं सुरू केलं त्या खुणेवरच नेमकं थांबायचं, हा नियम तुमच्या वडिलांनी सांगितला असेल. बिंदूमाळ यांच्या कोडमध्ये जे राहिलं होतं ते हेच.

कंपास

सांगितलंय, आणि सुरुवातीच्या खुणेवर ते बारीक टोचा मारून ठेवत. आणखी एक आठवतंय. खिळलेलं टोक आकृतीच्या आत ठेवावं लागलं, तर शेवटी ते वहीतला एक ठरलेला आकडा मिळवत. का, ते मी कधी विचारलं नाही.

जुने_मास्तर

टोक बाहेर असताना दांडी पुढे जाऊन मागे येते, तिचं एकूण फिरणं शून्य. टोक आत असलं की दांडी त्याच्याभोवती एक पूर्ण वेढा घालते. त्या वेढ्यातलं एक ठराविक वर्तुळ असं असतं, की त्यावरून फिरताना चाक नुसतं घसरतं आणि काहीच नोंदवत नाही. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ वेगळं मिळवावं लागतं. वहीतला आकडा तो.

तारांगण

मी आकाशनिरीक्षणाच्या बाजूने आलोय, म्हणून माझा प्रश्न थोडा वेगळा. ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतो, आणि सूर्य केंद्रात नसून नाभीत असतो. सूर्य-ग्रह रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते. मग ग्रह सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून लंबवर्तुळाच्या वरच्या टोकापर्यंत, म्हणजे (0, 3) पर्यंत, किती वेळात जाईल? पूर्ण फेरी नाही, अर्धवट पाकळी आहे, आणि तिचं टोक केंद्रात नाही. हे सूत्र तिथे चालेल का?

कंपास

चालायला हवं. तीनपैकी कुठलंही सूत्र घ्या, t शून्यापासून 90° पर्यंत. पाव लंबवर्तुळ, म्हणून पाव वेळ.

जुने_मास्तर

यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली: तिन्ही सूत्रं सारखी असतात ती बंद फेरीवर. अर्धवट कमानीवर ती तीन वेगळी क्षेत्रफळं देतात. t = 0 ते 45° करून पाहा. ∫ x dy येतं ९.६४, तर −∫ y dx येतं २.१४. पहिलं म्हणजे कमान आणि y-अक्ष यांच्यामधली जागा, दुसरं म्हणजे कमान आणि x-अक्ष यांच्यामधली. पाकळी यांतलं एकही नाही. ½ वालं सूत्र मात्र ५.८९ देतं, आणि केंद्रातून पाहिलेली पाकळी तेवढीच आहे. कारण पाकळी बंद करायला केंद्राशी जोडणाऱ्या दोन सरळ रेघा लागतात, आणि आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेघेवर x dy − y dx शून्य असतं. रेघोटींच्या भाषेत, रबराच्याच दिशेने चाललात तर त्रिकोणच होत नाही. म्हणून या एका सूत्रात त्या रेघा न धरताही चालतं. बाकी दोन्हींत त्यांचा वाटा वेगळा मोजावा लागतो.

इथे फसायला होतं, कारण 90° पर्यंत घेतलं तर तिन्ही सूत्रांची उत्तरं जुळतात. कमानीची टोकं अक्षांवरच पडतात म्हणून. तेवढ्यावरून ती नेहमी जुळतील असं धरू नये.

दुसरी: तारांगण यांना पाकळी नाभीतून हवी आहे. म्हणून खुंटी नाभीत हलवायची. a = 5, b = 3 असताना नाभी (4, 0) वर. x च्या जागी x − 4 लिहा:

½ ∫ ((x − 4) dy − y dx) = ½ · 15 · (t − 0.8 sin t)

t = 90° ला, म्हणजे π/2 ला, कंसात १.५७०८ − ०.८ = ०.७७०८, आणि क्षेत्रफळ ५.७८. पडताळणी सोपी आहे. पाव लंबवर्तुळ ११.७८, त्यातून केंद्र, नाभी आणि वरचं टोक यांचा त्रिकोण वजा करा, ½ × 4 × 3 = 6. उरले ५.७८. एकूण ४७.१२ पैकी हे सुमारे १२.३ टक्के. म्हणजे पाव अंतर ग्रह पाव वेळेच्या निम्म्याहून कमी वेळात कापतो.

तारांगण

थांबा. t − 0.8 sin t, आणि 0.8 ही इथली विकेंद्रता. हे तर केप्लरचं समीकरण आहे! M = E − e sin E. मी ते कित्येक वर्षं तयार सूत्र म्हणून वापरतोय. E ला विकेंद्रीय कोन म्हणतात हे माहीत होतं, पण तो निळी_शाई यांचा t च आहे, आणि समीकरणाची डावी बाजू म्हणजे निव्वळ पाकळीचं क्षेत्रफळ आहे, हे आज दिसलं.

निळी_शाई

म्हणजे माझी t आणि θ ची गल्लत ग्रहाच्या हिशेबात झाली असती तर ग्रहच भलत्या जागी दिसला असता.

तारांगण

हो, आणि तिथे तर तीन कोन असतात. केंद्रातून दिसणारा, नाभीतून दिसणारा, आणि वर्तुळावरचा t. नवीन माणसं हमखास अडकतात. उलटा प्रश्नही आहे. वेळ दिली आणि t काढायचा, तर t − 0.8 sin t = M यातून t सरळ सुटत नाही. आम्ही अंदाज धरून सुधारत जातो.

दूरचा_प्रवासी

परत एकदा तेच. क्षेत्रफळ एका ओळीत, आणि उलट जायचं तर वाट नाही.

बिंदूमाळ

माझ्याकडे एक शेवटचा प्रश्न उरलाय. काही डागांची कड स्वतःलाच छेदते, आठच्या आकड्यासारखी. तिथे क्षेत्रफळ शून्याजवळ येतंय. कड बंद आहे, आता फेरीही पूर्ण आहे.

रेघोटी

आठच्या आकड्यात एका पाकळीभोवती तुम्ही उलट दिशेने फिरता आणि दुसरीभोवती घड्याळाच्या दिशेने. एक धन, एक ऋण. x = sin t, y = sin 2t घेऊन पाहा. प्रत्येक पाकळी 4/3, बेरीज शून्य. सूत्र चुकत नाहीये. प्रत्येक जागेला कड तिच्याभोवती जितके वेढे घालते तितक्यांदा, चिन्हासकट, ते मोजतं.

बिंदूमाळ

पण मला 8/3 हवेत. प्रत्येक त्रिकोणाचं चिन्ह काढून मग बेरीज केली तर?

जुने_मास्तर

तसं करू नका. या आठमध्ये खुंटी नेमकी छेदबिंदूवर आहे, म्हणून 8/3 येतीलही. खुंटी जरा हलवली की वजा होणारी रिकामी जागाही मिळवली जाईल आणि उत्तर फुगेल. छेदबिंदू शोधून कड तिथे तोडायची आणि प्रत्येक पाकळी वेगळी मोजायची, मला माहीत असलेली खात्रीची वाट एवढीच.

बिंदूमाळ

छेदबिंदू शोधणं हेच तर जड काम आहे, हजारो बिंदू आहेत. कडेवरून एकाच फेरीत, छेदबिंदू न शोधता, खरं क्षेत्रफळ मिळेल असं काही कुणी केलं आहे का?

रेघोटी

मी तरी केलेलं नाही. तुमच्या एखाद्या डागाचे बिंदू इथे टाका. छेद किती आणि कसे आहेत ते पाहून बोलू. दोनच छेद असतील तर गोष्ट वेगळी, आणि कड गुंतलेल्या दोऱ्यासारखी असेल तर वेगळी.